शेवेचं कॅप्शन आणि डॉक्टरकी

परवा नागपूरच्या सक्करदऱ्यातल्या एका काकूंनी ज्वारीच्या शेवेचं पाकीट हातात दिलं आणि म्हणाल्या, "इन्स्टावर टाकाचं आहे, दोन ओळी लिहून द्या ना." पोरानं एक कॅप्शन आधीच करून ठेवलं होतं, तेही दाखवलं: शुगर कंट्रोल करते, वजन घटवते, पोटाला हलकी, 100% मिलेट, ग्लूटेन फ्री, घरगुती, केमिकल फ्री. खाली टेपनं कंबर मोजणाऱ्या बाईचा फोटो.

मी सगळं वाचलं आणि विचारलं, "काकू, शेव लागते कशी?"

त्या बघतच राहिल्या. एवढ्या शब्दांत ते कुठंच नव्हतं ना!

मी छोट्या धंद्यांसाठी कॅप्शन लिहून देते. 2023 हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं आणि तेव्हापासून आमच्या आजीची साधी ज्वारी 'मिलेट' झाली. ज्वारी आली की मागून डॉक्टरकी येतेच. माझं मत सरळ आहे: शेव विकायची तर शेवच विकावी. कायद्याचंही म्हणणं जवळपास तेच आहे. जाहिराती आणि दाव्यांबद्दल एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेचे 2018 चे नियम आहेत. त्यात दावा म्हणजे फक्त छापलेलं वाक्य नाही. बोलून, दाखवून, चित्रातून जे सुचवलं जातं तेही दावाच. म्हणून टेपवाली बाई गेली. 'वजन घटवते' हे शब्द काढून फोटो ठेवला तरी अर्थ तोच राहतो. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला कायद्यात 10 लाखांपर्यंत दंड आहे. काकूंना आकडा सांगितला तर म्हणाल्या, "बाप्पा, एवढी तर वर्षाची विक्रीही नाही माझी."

त्यांना सर्वांत जास्त खटकलं ते 'ग्लूटेन फ्री' काढणं. ज्वारीत ग्लूटेन नसतं, मग अडचण काय? बरोबर आहे, ज्वारीच्या दाण्यात नसतंच. पण त्यांची ज्वारी जिथं दळून येते त्या चक्कीवर दिवसभर गहू दळतात. गव्हाचा घाणा काढून लगेच ज्वारी टाकली की दगडात उरलेलं पीठ हिच्यातच येतं. 'ग्लूटेन फ्री' लिहायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या वर ग्लूटेन चालत नाही, आणि ते डोळ्यांनी दिसत नाही, लॅबमध्येच कळतं. एवढ्यावर त्या म्हणाल्या, "चक्की वेगळी करते मी." मी म्हटलं, आधी हिंगाची डबी आणा. आणली. मागे बारीक अक्षरात घटक: गव्हाचं पीठ, डिंक, हिंग. बांधानी हिंगात पीठ असतंच बहुतेक. म्हणजे चक्की बदलूनही गहू शेवेत येणारच होता, चिमूटभर का होईना. ज्याला खरंच ग्लूटेन चालत नाही त्याच्यासाठी ही चिमूट लहान नसते. मग आम्ही उलट केलं: हिंगात गहू आहे हे कॅप्शनमध्येच लिहायचं ठरवलं.

'100% मिलेट' तर त्यांच्याच वहीनं खोटं पाडलं. किलोभर पिठाला 600 ग्रॅम ज्वारी, 300 बेसन, 100 तांदळाचं पीठ. का, तर नुसत्या ज्वारीला चिकटपणा नाही. सोऱ्यातून दाबली की तार जुळत नाही, कढईत चुरा होतो. बेसन धरून ठेवतं, तांदूळ कडक करतो. हे लपवण्यासारखं काय आहे? उलट खाणाऱ्याला कळलं तर बरंच. आणि पाकिटावर ज्वारीचं चित्र मोठं करायचं तर तिचं प्रमाण टक्क्यात सांगावं लागतं. ते काढताना मात्र नुसती पिठं धरून '60 टक्के' म्हणता येत नाही, तेल, मसाला सगळं वजनात येतं. म्हणून कॅप्शनमध्ये मी ग्रॅम लिहिले, टक्के लेबलवर मोजून टाका म्हटलं.

'घरगुती' हा शब्दही जपूनच वापरावा लागतो, कारण गैरसमज होईल अशा ठिकाणी तो नियमांना चालत नाही. काकूंच्या मागच्या खोलीत दोन बाया पगारावर सोऱ्या फिरवतात. 'सक्करदऱ्यात बनवलेली' म्हटलं की प्रश्नच मिटला.

एक बारीक फरक मला फार आवडतो. 'कमी तेल' हा पोषणाचा दावा झाला, त्याला आकडा लागतो, आणि तळलेल्या शेवेत तो येणं कठीण. 'बोटांना तेल लागत नाही' ही झाली खाताना आलेली गोष्ट. पण तीही खरी असली पाहिजे. आम्ही कागदावर मूठभर शेव ठेवली, दोन मिनिटांत ठिपके पडले. ओळ गेली.

मग आम्ही खायला बसलो. बेसनाची शेव एका वाटीत, ही दुसऱ्या वाटीत, मधे पाणी. बेसनाची तोंडात विरघळते, ही विरघळत नाही. आधी कट्कन तुटते, मग जिभेवर जरा रवाळ राहते. लसूण लगेच लागतो, तिखट दोन घासांनी मागून येतं. आणि अगदी शेवटी भाकरीच्या कडेची, किंचित करपलेली चव. ती काकूंना सापडली, मला नाही. "तेच ते," म्हणाल्या, "आई तव्यावरून उतरवताना कड मोडून द्यायची ना." मिरची कोणती विचारलं तर म्हणाल्या, इतवारीतून आणते, कोणती ते दुकानदाराला माहीत. मनात 'भिवापुरी' लिहायचा मोह झाला होता, छान दिसलं असतं. पण भिवापूरच्या मिरचीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे. पोतं कुठलं ते माहीत नसताना गावाचं नाव घालणं म्हणजे तीही थापच. नुसतं 'लाल तिखट' ठेवलं.

तर कॅप्शन असं झालं:

"ज्वारी-बेसनाची लसूण शेव. किलोभर पिठात 600 ग्रॅम ज्वारी, 300 ग्रॅम बेसन, 100 ग्रॅम तांदूळ. लसूण, लाल तिखट, ओवा, तीळ, मीठ, हळद आणि हिंग (हिंगात गव्हाचं पीठ आहे). शेंगदाणा तेलात तळलेली. कट्कन तुटते, पण विरघळत नाही. लसूण आधी, तिखट मागून, शेवटी भाकरीच्या करपल्या कडेची चव. तर्री पोह्यावर टाका, मऊच पडत नाही. सक्करदऱ्यात बनवलेली."

पोरगा म्हणाला, यात आरोग्याचं काहीच नाही, लोकं तेच पाहून राहिले आजकाल. पाहू देत. कुणी विचारलंच, शुगरवाल्याला चालते का, तर घटक सांगायचे, तळलेली आहे हे सांगायचं आणि डॉक्टरला विचारा म्हणायचं. पाकिटावरून कुणाला औषधाची आशा लावायची नाही.

पोस्ट गेली. संध्याकाळी काकूंचा फोन. एका गिऱ्हाइकानं पोह्यावर टाकून पाहिली आणि शेव मऊ पडली म्हणे. मी म्हटलं, आपण तपासलंच नव्हतं की ते! एवढं सगळं काटेकोर केलं आणि एक ओळ माझ्या जिभेवरून थेट कागदावर आली होती. त्यांनी तिथंच तर्री गरम केली, वर शेव टाकली आणि मला फोनवर धरून ठेवलं. चार मिनिटांनी म्हणाल्या, "आता मऊ झाली."

ओळ बदलली: तर्री पोह्यावर टाका आणि चार मिनिटांत खाऊन टाका.