दंड वर करा, झोका घ्या

खोदाई मशीनच्या ऑपरेटरसाठीच्या पुस्तकाचं मराठी भाषांतर करताना पहिली अडचण मुखपृष्ठावरच येते. यंत्राचं नाव काय लिहायचं? ‘उत्खनक’ लिहिलं तर पुस्तक पुरातत्त्व खात्यासाठी आहे असं वाटतं. ‘द्रवचालित उत्खनक’ लिहिलं तर ऑपरेटर ते पुस्तक सीटच्या मागे टाकतो आणि त्यावर डबा ठेवतो. महाराष्ट्रातल्या कुठल्याही साइटवर त्या मशीनला एकच नाव आहे: पोकलेन. पण पोकलेन हे मुळात एका फ्रेंच कंपनीचं नाव. दुसऱ्या कंपनीच्या मशीनच्या पुस्तकावर ते छापणं म्हणजे मुलीच्या लग्नपत्रिकेत शेजाऱ्याच्या जावयाचं नाव घालण्यासारखं आहे. शेवटी ‘हायड्रॉलिक एक्स्कॅव्हेटर’ छापून मोकळं व्हायचं. ज्याच्यासाठी पुस्तक आहे तो त्याला पोकलेनचंच पुस्तक म्हणणार आहे.

‘हायड्रॉलिक’लाही हात लावू नये. एखादा उत्साही त्याचं ‘जलचालित’ करतो आणि पुढच्या पानावर ‘जलचालित तेल’ अवतरतं. त्या तेलात पाण्याचा थेंब गेलेला चालत नाही. पाणी शिरलं की तेल दुधासारखं पांढुरकं होतं, ते बदलावं लागतं आणि पंपाची काळजी सुरू होते. म्हणजे जो दोष शोधायचा, तोच आपण नावात घातला.

आता बूम. शब्दकोश उघडला तर तेजी, गडगडाट आणि भरभराट. ‘तेजी हळूहळू खाली आणा’ हे शेअर बाजारात कोणी मनावर घेईल, खाणीत नाही. मग शरीराकडे वळावंसं वाटतं, कारण उपमा फार सुरेख बसते. खांद्याशी जोडलेला बूम, कोपरापासून पुढची स्टिक, आणि मनगटाला बकेट. खांदा ते कोपर या भागाला मराठीत नेमका शब्द आहे: दंड. भाषांतरकाराला अशा क्षणी स्वतःचा अभिमान वाटतो, आणि तो तेवढ्यापुरताच ठेवावा. कारण पुढची वाक्यं अशी येतात: ‘दंड वर करा.’ ‘दंड वाढत असल्यास तपासा.’ ‘काम संपल्यावर दंड जमिनीला टेकवा.’ ज्या माणसाच्या ट्रेलरला महिन्यातून दोनदा चौकात अडवतात, त्याला दंड म्हणजे काय हे आपण शिकवायची गरज नाही.

स्टिकची गंमत आणखी वेगळी. हा भाग इंग्रजीतच तीन नावांनी वावरतो. अमेरिकन पुस्तकात स्टिक, जपानी कंपन्यांच्या पुस्तकात आर्म, ब्रिटिश लिहिणाऱ्याकडे डिपर. तिघांची भाषांतरं तीन माणसांनी केली की मराठीत काठी, बाहू आणि पळी तयार होतात, आणि ऑपरेटर तीन वेगवेगळे भाग शोधत मशीनभोवती फिरतो. इथे भाषांतरकाराने करायचं काम एकच: आपल्या मशीनच्या सुट्या भागांच्या यादीत जो शब्द आहे, तोच पुस्तकभर ठेवायचा. यादीत आर्म असेल तर पुस्तकात आर्म. नाहीतर काठीची बुश मागवायला गेलेल्या माणसाला दुकानदार बांबूवाल्याकडे पाठवेल.

बकेटला बादली म्हणायचा मोह मात्र भल्याभल्यांना होतो. शब्द खरा, भाषांतर बरोबर, अडचण मापाची आहे. 20 टनी मशीनची बकेट साधारण 0.9 घनमीटरची, म्हणजे 900 लिटर. न्हाणीघरातल्या 20 लिटरच्या बादलीने मोजलं तर पंचेचाळीस आंघोळी. वर तिला दात असतात. ‘बादलीचे दात झिजले आहेत का ते रोज पाहा’ हे वाक्य एकदा मोठ्याने वाचून पाहावं, निर्णय आपोआप होतो. दात मात्र दातच राहिले. ते ऑपरेटरनेच केलेलं भाषांतर आहे आणि त्यात सुधारणेला जागा नाही. ट्रॅकला त्याने चेन केलं, तेही तसंच राहू द्यावं.

इंग्रजी नावं ठेवली म्हणून मराठीची कटकट सुटत नाही, कारण मराठीत प्रत्येक नावाला लिंग लागतं. तो बूम की ती बूम? बकेट भरली की बकेट भरलं? पुण्याकडचा तपासनीस एक म्हणतो, नागपूरकडचा दुसरं, आणि दोघांनाही व्याकरण पाठ. यातून निसटायची एक युक्ती आहे. ‘बूम वर घ्या’ या आज्ञेत लिंग कळत नाही. ‘बूम आपोआप खाली येत असेल तर’ यातही कळत नाही. ‘खाली आला’ किंवा ‘खाली आली’ लिहिलं की मात्र पकडले जाता. अख्खं पुस्तक आज्ञा आणि ‘येत असेल’ यांवर निभावून नेता येतं. ऑपरेटरला वाटतं लिहिणारा फार सावध माणूस आहे.

इथवर हसण्यावारी नेता येतं. स्विंगपाशी येत नाही. स्विंग म्हणजे चेनच्या वरचा सगळा भाग, केबिन, इंजिन, बूम आणि तोल राखणारं पाठीमागचं वजन, म्हणजे काउंटरवेट, यांच्यासह गोल फिरणं. शब्दकोश म्हणतो झोका. मग स्विंग मोटर होते झोपाळा मोटर, स्विंग ब्रेक होतो झोक्याचा ब्रेक, आणि काउंटरवेटवर स्टिकर लागतं: ‘झोक्याच्या परिघात उभे राहू नका.’ ‘दोलन त्रिज्या’ त्याहून विद्वान आहे. पण दोलन म्हणजे इकडून तिकडे आणि परत, लंबकासारखं. हे मशीन परत येईलच असं नाही, ते पूर्ण गोल फिरू शकतं. हेल्परला त्रिज्या मोजायला वेळही नसतो. तो पाठीमागे, भिंत आणि मशीन यांच्यामधल्या सावलीत उभा असतो. पुढे बकेट डावीकडे गेली की मागे काउंटरवेट उजवीकडे जातं, आणि ऑपरेटरची नजर बकेटवर असते. स्टिकरवर सांगायचं आहे ते एवढंच. म्हणून मी लिहितो: ‘मशीन फिरताना हे वजन तुमच्या अंगावर येतं. इथे उभे राहू नका.’ त्यात स्विंग नाही, त्रिज्या नाही. मूळ इंग्रजीत तीन शब्द होते आणि मराठीत अकरा झाले म्हणून छापणारा कुरकुरतो. त्याला कुरकुरू द्यावं.

डावं-उजवंसुद्धा कुणाचं हे सांगावं लागतं. ऑपरेटर सीटवर बसलेला, इशारे करणारा त्याच्यासमोर उभा, त्यामुळे एकाचं डावं ते दुसऱ्याचं उजवं. पुस्तकात ‘सीटवर बसल्यावर तुमच्या डाव्या हाताला’ असं पहिल्याच पानावर एकदा ठरवून टाकलं की पुढची पानं शांत जातात.

पण सगळ्यात महाग पडणारी चूक नामांची नाही, क्रियापदांची आहे. बूमला बूम म्हटलं काय आणि तेजी म्हटलं काय, मशीनचं काही बिघडत नाही. ‘एक्स्टेंड’ आणि ‘रिट्रॅक्ट’ या दोन क्रियापदांनी मात्र बिघडतं. लांबवा आणि आखडा, यात चुकण्यासारखं काय आहे? चुकण्यासारखं हे आहे की लांबतो तो तेलाच्या दाबाने आर्म हलवणारा सिलिंडर, आर्म नाही. आर्मचा सिलिंडर बूमच्या पाठीवर बसवलेला असतो. त्याचा रॉड बाहेर आला की तो आर्मचं वरचं टोक पुढे ढकलतो आणि खालचं टोक केबिनकडे येतं. म्हणजे सिलिंडर लांबला की आर्म आत येतो, आणि सिलिंडर आखडला की आर्म दूर जातो. बकेटचंही तसंच: सिलिंडर लांबला की बकेट आत वळते.

आता पुस्तकातलं हायड्रॉलिक तेलाची पातळी तपासायचं एकोणिसावं पान घ्या. काही मशीनच्या पुस्तकात सूचना अशी असते: आर्मचा सिलिंडर पूर्ण आखडा, बकेटचा पूर्ण लांबवा, बूम खाली आणून बकेट जमिनीला टेकवा, इंजिन बंद करा, मग टाकीवरच्या काचेत पातळी पाहा. भाषांतरकाराने सिलिंडर हा शब्द जड वाटला म्हणून गाळला आणि लिहिलं, ‘आर्म पूर्ण आखडा.’ वाक्य सुटसुटीत झालं. ऑपरेटरने आर्म पूर्ण आत घेतला, म्हणजे सिलिंडर पूर्ण लांबवला. बरोबर उलटं.

मग काय होतं ते मोजून पाहू. 20 टनी मशीनच्या आर्मच्या सिलिंडरचा रॉड साधारण 95 मिलिमीटर जाडीचा आणि त्याची धाव दीड मीटरच्या आसपास. हा रॉड आत असतो तेव्हा सिलिंडरमधली तेवढी जागा तो अडवतो. बाहेर आला की त्या जागी तेल भरतं, आणि ते येतं टाकीतून. हिशेब केला तर साडेदहा लिटर. काचेत पातळी तितकी खाली दिसते. ऑपरेटर प्रामाणिक असतो, तो पुस्तकाप्रमाणे पातळी भरून काढतो. दुपारी कामात रॉड आत जातो, साडेदहा लिटर टाकीत परततं, तिथे सकाळी ओतलेलं तेल आधीच बसलेलं असतं, शिवाय तापून सगळंच फुगलेलं असतं. टाकीत हवा आत-बाहेर सोडणाऱ्या ब्रीदरमधून तेल पाझरायला लागतं. मेकॅनिक येतो, होस तपासतो, सील तपासतो, पंपाला कान लावतो. गळती पान एकोणिसावर आहे हे त्याच्या ध्यानात यायचं काही कारण नसतं.

म्हणून त्या पानावर मी सिलिंडर हा शब्द गाळत नाही आणि त्यावर विसंबतही नाही. लिहितो: ‘आर्म केबिनपासून जितका दूर जाईल तितका न्या. आर्मच्या सिलिंडरचा चकचकीत रॉड पूर्ण आत गेलेला दिसला पाहिजे.’ चकचकीत रॉड सीटवरून दिसतो. आखडणं दिसत नाही. दुसऱ्या कंपनीच्या पुस्तकातून हे पान उचलूनही चालत नाही, कारण तिथे बकेटचा सिलिंडरही आखडायला सांगितलेला असू शकतो.

राहता राहिलं ‘पुढे’. मशीन पुढे न्यायचं म्हणजे केबिनचं तोंड आहे तिकडे, हे कोणीही सांगेल, आणि केबिन अर्ध्या वर्तुळात फिरलेली असेल तर चुकेल. चेनला स्वतःचं पुढे-मागे असतं. ओढणारा स्प्रॉकेट मागे, नुसता फिरणारा आयडलर पुढे. केबिनचं तोंड स्प्रॉकेटकडे असताना चालवायचे लिव्हर पुढे ढकलले की मशीन ऑपरेटरच्या पाठीमागे निघतं, जिथे बहुधा त्याची मोटरसायकल उभी असते. तेव्हा लिहावं लागतं: ‘लिव्हरला हात लावण्याआधी स्प्रॉकेट कुठल्या बाजूला आहे ते पाहा.’ या जागी एका जुन्या भाषांतरात शब्दकोशाप्रमाणे ‘आळशी चाक नेहमी पुढे असावे’ असं वाचलं होतं. ते खोडताना हात जरा अडखळला.