57/3 म्हणजे नक्की कुठलं 57/3?

«तुमचा मागचा लेख वाचून ‘सर्व्हे नंबर हाच जमिनीचा खरा पत्ता’ यावर विश्वास ठेवला. वडिलांच्या 1958 च्या खरेदीखतात सर्व्हे नं. 57, हिस्सा नं. 3 असं स्पष्ट लिहिलंय. वेबसाइटवर मालमत्ता पत्रक काढायला 57/3 टाकलं, तर भलत्याच माणसाचं नाव आलं आणि क्षेत्र जेमतेम एका खोलीचं. आमच्या गल्लीला नाव नाही, घराला नंबर नाही, ‘चर्चच्या मागे’ म्हणून टपाल येतं. त्यापेक्षा मोबाइलवरून लोकेशन पाठवलेलं बरं. असलं अर्धवट लिहून लोकांना ऑफिसात खेटे घालायला लावू नका. – अंधेरीचा एक वाचक»

नमस्कार. रागवायचा तुम्हाला अधिकार आहे, कारण चूक माझी आहे. ‘सर्व्हे नंबर’ लिहून मी पुढे गेलो आणि मुंबई उपनगरात एकाच गावात नंबरांच्या दोन वेगवेगळ्या माळा आहेत हे सांगायचं राहिलं. तुमच्या वडिलांचं 57/3 एका माळेतलं, वेबसाइटवर तुम्ही शोधलंत ते दुसऱ्या माळेतलं. दोन्ही खरी आहेत, दोन्ही त्याच गावात आहेत, आणि कदाचित एकमेकांपासून अर्धा किलोमीटर लांब आहेत.

पहिली माळ शेतीच्या काळातली. तेव्हा गावाची जमीन सारा ठरवण्यासाठी मोजली आणि प्रत्येक तुकड्याला सर्व्हे नंबर दिला. पुढे वाटण्या-विक्री होऊन एका नंबराचे भाग पडले, ते हिस्से. म्हणून ‘57/3’ म्हणजे सर्व्हे नंबर सत्तावन्नचा तिसरा हिस्सा. याचा कागद सातबारा. मोजणी 33 फुटी साखळीने व्हायची. 33 बाय 33 फूट म्हणजे 1089 चौरस फूट, हाच आपला एक गुंठा. गुंठ्याचा असा विचित्र आकडा कुठून आला हे बऱ्याच जणांना कोडं असतं, त्याचं उत्तर त्या साखळीत आहे.

नंतर उपनगरात वस्ती वाढली, शेतं गेली, चाळी आणि बंगले आले. मग नगर भूमापन झालं आणि सगळ्या गावाला पहिल्यापासून नवे नंबर पडले. हेच सी.टी.एस. नंबर, आपण ‘सिटी सर्व्हे’ म्हणतो ते. त्यांचा जुन्या नंबरांशी आकड्याचा काहीही संबंध नाही. याचा कागद म्हणजे मालमत्ता पत्रक, लोकांच्या तोंडी प्रॉपर्टी कार्ड.

तुम्ही अडकलात ते तिरप्या रेघेपाशी. सर्व्हे नंबरात रेघेनंतरचा आकडा हिस्सा दाखवतो. उपनगरातल्या सी.टी.एस. मध्ये तो बहुतेकदा त्या जागेवरचं एकेक बांधकाम दाखवतो. म्हणजे सी.टी.एस. 57 ही मोकळी जागा, आणि 57/1, 57/2, 57/3 ही तिच्यावर मोजणीच्या दिवशी उभी असलेली घरं, खोल्या, गोठे. तुम्हाला ‘जेमतेम एका खोलीचं’ क्षेत्र दिसलं ते म्हणूनच. ती कुणाची तरी खोलीच आहे. तुमच्या वडिलांचं खत त्यामुळे खोटं ठरत नाही.

आता तुमचा खरा प्रश्न, जुन्या नंबरावरून नवा कसा काढायचा. माझ्या आत्याच्या घराचं उदाहरण देतो. आकडे बदललेत आणि गावाचं नाव मुद्दाम टाळतोय, पण हिशेब तसाच आहे.

आत्याच्या सासऱ्यांच्या खतात होतं: सर्व्हे नं. 81, हिस्सा नं. 2, क्षेत्र 12 गुंठे. आम्ही नगर भूमापन कार्यालयात गेलो आणि मालमत्ता पत्रक मागायच्या आधी चौकशी नोंदवहीचा उतारा मागितला. ही गोष्ट फार कमी लोक मागतात. नगर भूमापनाच्या वेळी चौकशी अधिकाऱ्याने प्रत्येक नव्या नंबराबाबत कोण धारक, कशाच्या आधारे, हे ठरवून या वहीत लिहिलेलं असतं, आणि तिथे जुन्या सर्व्हे-हिश्श्याचा उल्लेख बहुधा सापडतो. आमच्या बाबतीत सापडला: सी.टी.एस. 412 आणि 412/1 ते 412/6. (पहिल्या खेपेला खिडकीवरच्या माणसाने ‘असलं काही नसतं’ म्हणून परत पाठवलं. दुसऱ्या खेपेला लेखी अर्ज दिला, तेव्हा वही निघाली.)

मग सातही पत्रकं काढली. नुसत्या 412 वर 868.4 चौरस मीटर. बाकी सहांवर अनुक्रमे 61.2, 48.7, 52.3, 39.9, 44.6 आणि 57.1, म्हणजे 303.8. एकूण 1172.2. इथेच अनेक जण फसतात. 412 चं एकच पत्रक बघून ‘आमची जागा कमी कशी झाली’ म्हणून डोकं धरून बसतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे करारनाम्यात फक्त 412 लिहितात आणि घरांखालची जमीन कागदाबाहेर राहते. म्हणून जाणकाराच्या कागदात नेहमी ‘412, 412/1 ते 6’ असं सलग लिहिलेलं दिसेल.

12 गुंठ्यांचे, दर गुंठा 101.17 चौरस मीटर धरून, सुमारे 1214 चौरस मीटर होतात. म्हणजे 41.8 कमी भरत होते. दोन मोजण्यांत थोडा फरक पडतोच. साखळीची मोजणी आणि नंतरची मोजणी तंतोतंत जुळली तर मलाच संशय येईल. पण बेचाळीस चौरस मीटर म्हणजे एक चांगली मोठी खोली, ते काही साखळीच्या ताणाने जात नाहीत. तेव्हा हिश्श्याचा जुना नकाशा आणि नगर भूमापनाचा नकाशा एकाच मापात आणून एकावर एक धरले. पूर्वेच्या कडेला सुमारे 19 मीटर लांब आणि 2.2 मीटर रुंद अशी चिंचोळी पट्टी हिश्श्याच्या आत होती, पण नव्या नकाशात तिला वेगळा नंबर होता आणि पत्रकावर सार्वजनिक रस्त्याची नोंद होती. आत्याला विचारलं तर म्हणाली, ‘अरे, ती तर मागच्या लोकांना जायला सासऱ्यांनी सोडलेली वाट!’ कुणी ढापली नव्हती. वापर पाहून अधिकाऱ्याने तशी नोंद घेतली आणि त्या वेळी घरच्यांनी हरकत घेतली नाही. इतक्या वर्षांनी त्यावर भांडण्यात अर्थ नव्हता. पुढच्या सगळ्या कागदांत आम्ही 1172.2 लिहिलं, 12 गुंठे नाही.

हे सगळं करायच्या आधी तुमचं ‘गाव’ बरोबर आहे ना, तेही बघा. पत्त्यात तुम्ही अंधेरी पूर्व लिहीत असाल, पण महसुली नोंदीत तालुका अंधेरी आणि मौजे मरोळ, कोंडिविटे, मुळगाव, गुंदवली, चकाला यांपैकी काहीही असू शकतं. नंबर फक्त त्या मौजेपुरता एकमेव असतो. शेजारच्या मौजेतही 57 असणारच. वडिलांच्या खतात ‘मौजे’ नंतर जे नाव आहे तेच वेबसाइटवर निवडा, स्टेशनचं नाव नको. जुन्या शहरात, म्हणजे माहीम-शीवच्या दक्षिणेला, हा प्रकारच निराळा. तिथे सी.एस. नंबर आणि त्याच्यासोबत विभाग लागतो, जसं गिरगाव किंवा माझगाव विभाग, आणि फार जुन्या दस्तांत लॉटनच्या सर्व्हेचे नंबर दिसतात. तुम्हाला त्याची गरज नाही, पण दक्षिण मुंबईतले एखादे नातेवाईक सल्ला देऊ लागले तर घोटाळा होऊ नये म्हणून सांगितलं.

आणखी एक शक्यता आहे. तुमचं घर जुन्या गावठाणात असेल, तर तिथे सर्व्हे नंबर मुळातच नव्हता, कारण सारा मोजताना गावठाण वगळलेलं असे. पण तुमच्या खतात नंबर आहे, म्हणजे जागा बहुधा गावठाणाच्या हद्दीबाहेरची. तो सातबारा आजही चालू आहे का, हे वेगळं तपासा. काही ठिकाणी सातबारा आणि मालमत्ता पत्रक दोन्ही जिवंत राहिलेत, वारसांची नावं सातबाऱ्यावर चढली आणि पत्रकावर आजोबाच आहेत, असं मी स्वतः पाहिलंय. एकावर फेरफार झाला म्हणून दुसऱ्यावर आपोआप होत नाही.

लोकेशनबद्दल. पाहुण्याला जेवायला बोलवायचं असेल तर तेच पाठवा, सर्व्हे नंबर पाठवू नका. पण साध्या फोनचा ठिपका उघड्या आकाशाखालीसुद्धा पाचेक मीटर सरकतो, आणि तुमची गल्ली, मला वाटतं, दोन मीटरची असेल. तो ठिपका शेजाऱ्याच्या ओट्यावर पडला तर? शिवाय ठिपक्याला ना क्षेत्र असतं, ना हद्द, ना धारकाचं नाव. दस्त नोंदवताना मिळकत ओळखता येईल असं वर्णन 1908 च्या नोंदणी कायद्याला हवं असतं. लाइटबिल आणि पालिकेच्या करपावतीचंही तसंच, ती बहुधा बांधकामाबद्दल बोलतात, जमिनीच्या हद्दीबद्दल नाही.

नंबरालाही मर्यादा आहे, तीही सांगतो. पत्रकावरचं नाव म्हणजे मालकीचा शेवटचा शब्द नव्हे. महसूल संहितेच्या कलम 157 प्रमाणे फेरफाराची प्रमाणित नोंद खरी धरली जाते, पण विरुद्ध पुरावा येईपर्यंतच. आणि चाळीतली खोली क्रमांक सात कुठली, हे कोणताही सी.टी.एस. सांगत नाही. तो जमिनीपाशी थांबतो.

एवढं वाचून कंटाळला असाल तर निदान एक करा. खतातला चतुःसीमेचा परिच्छेद काढा. पूर्वेस-पश्चिमेस नुसती माणसांची नावं असतील तर ती माणसं कधीच गेली असतील. पण एखाद्या बाजूला ‘सर्व्हे नं. 57 हिस्सा नं. 2’ किंवा ‘सर्व्हे नं. 58’ असं लिहिलेलं असेल, तर शेजाऱ्यांकडे त्यांचं मालमत्ता पत्रक मागा. त्यांचा सी.टी.एस. कळला की नगर भूमापनाच्या नकाशात तुमचा शोध दोन-तीन नंबरांवर येतो. कार्यालयात अर्ज करताना त्यात मौजे, जुना सर्व्हे व हिस्सा, खताचं वर्ष आणि शेजाऱ्याचा सी.टी.एस. या चारही गोष्टी लिहा, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. चौकशी नोंदवहीत काही भलतंच निघालं, तर इथेच लिहा. हद्दीत गडबड दिसली तर मोजणीचा अर्ज कसा भरायचा ते बघू.