गल्फच्या पगारावर टॅक्स? तो फॉरवर्ड आधी डिलीट करा

"गल्फमधल्या सगळ्या भावांनो सावधान!! वर्षात १२० दिवसांपेक्षा जास्त गावी राहिलात की तिकडच्या सगळ्या पगारावर इथं टॅक्स. दुबईत टॅक्स नाही म्हणून तुम्ही आपोआप इंडियन रेसिडेंट. आधारवर गावचा पत्ता असला तरी रेसिडेंटच. घरी पाठवलेल्या पैशावर पण ३० टक्के कापणार. सगळ्या ग्रुपवर पाठवा."

खानापुरात माझ्या आत्याला हे दोन-तीन ग्रुपवरून आलं आणि तिनं लगेच मला फोन लावला, "पोराला उद्याच परत जा म्हणून सांगू काय रे? चार महिने होऊन गेले की त्याला येऊन." पोरगा शारजात एसी टेक्निशियन, घराचा स्लॅब टाकायला आलेला, आणि तो पण तिकीट अलीकडं ओढायच्या विचारात. मी बेळगावात रिटर्न भरायचं काम करतो, असले मेसेज रोज बघतो, पण स्लॅब अर्धा टाकून माणूस परत निघाला तेव्हा डोकंच फिरलं.

आधी त्या १२० चं बघू, कारण सगळी भीती तिथनंच सुरू होते. इन्कम टॅक्स कायद्याचं कलम ६ म्हणतं की एप्रिल ते मार्च या वर्षात १८२ दिवस किंवा जास्त भारतात राहिलात तर रेसिडेंट. दुसरी एक ६० दिवसांची अट आहे, ६० दिवस इथं आणि मागच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस. पण बाहेर नोकरी करणारा भारतीय नागरिक सुट्टीवर, भेटीला आला तर त्याच्यासाठी त्या ६० च्या जागी १८२ च धरतात. मग १२० कुठनं आलं? ते २०२० साली आलं, आणि फक्त ज्याचं भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर आहे त्याच्यासाठी. भारतातलं हं, म्हणजे इथलं भाडं, इथलं व्याज, इथला नफा. शारजाचा पगार त्यात मोजायचाच नाही. मेसेज लिहिणाऱ्यानं १२० तेवढं उचललं आणि १५ लाख खाल्ले.

आणि गंमत पुढं आहे. समजा एखाद्याचं इथलं उत्पन्न खरंच १५ लाखांच्या वर आहे, तो १२० दिवस ओलांडून पण १८२ च्या आत राहिला आणि मागच्या चार वर्षांची ३६५ ची अट पण भरली. तरी तो होतो 'नॉट ऑर्डिनरिली रेसिडेंट', आणि अशा माणसाच्या परदेशातल्या पगारावर इथं टॅक्स नाहीच. बाहेरचा धंदा इथनं चालवत असेल तर गोष्ट वेगळी. एसी दुरुस्त करणाऱ्या पोराचा त्याच्याशी काय संबंध, सांगा की.

आता आतेभावाचाच हिशोब मांडतो, आर्थिक वर्ष २०२५-२६ चा. तो इथं राहणार साधारण १४० दिवस. इथलं उत्पन्न काय, तर खानापुरातल्या एका गाळ्याचं भाडं महिन्याला १२,००० म्हणजे वर्षाला १,४४,०००, आणि एनआरओ खात्यातल्या, म्हणजे परदेशात राहणाऱ्याच्या इथल्या कमाईच्या खात्यातल्या, एफडीचं व्याज ६०,०००. पंधरा लाखांच्या आसपास पण नाही, म्हणून मर्यादा १८२ दिवस, आणि १४० त्याच्या आत. म्हणजे तो नॉन रेसिडेंट, पगार सुटला. भाड्यातनं ३० टक्के वजावट गेली की राहतात १,००,८००, त्यात व्याज मिळवलं की १,६०,८००. नव्या पद्धतीत ४ लाखांपर्यंत टॅक्स नाही. म्हणजे द्यायचा टॅक्स शून्य.

दिवस मोजताना मात्र लोक खरंच गोंधळ घालतात. फेब्रुवारीत येऊन मेमध्ये गेलात तर तो मुक्काम दोन आर्थिक वर्षांत वाटला जातो, सलग मोजायचा नाही. पासपोर्टवरचे शिक्के हाच पुरावा, त्यांची झेरॉक्स ठेवा. उतरल्याचा दिवस धरायचा का नाही यावर वाद झालेत, म्हणून १८२ च्या काठावर जाऊच नका, पाच-सहा दिवस हातचे ठेवा.

"दुबईत टॅक्स नाही म्हणून आपोआप रेसिडेंट" ही अफवा तर २०२० च्या बजेटात, कुठल्याच देशात टॅक्स न भरणाऱ्या भारतीय नागरिकाला इथला रेसिडेंट धरायची तरतूद आली तेव्हाचीच आहे, आणि तेव्हाच, २ फेब्रुवारी २०२० ला, सरकारनं प्रेस रिलीज काढून स्पष्ट सांगितलं होतं की मिडल ईस्टसकट बाहेरच्या देशांत खरोखर कामाला असलेल्यांच्या तिथल्या कमाईवर टॅक्स लावायचा या तरतुदीचा हेतू नाही, तसा अर्थ लावणं चूक आहे. पुढं कायदा पास होताना त्यात पण तीच १५ लाखांची अट घातली. इतकी वर्षं झाली तरी मेसेज फिरतोच आहे.

आधारवर तर काय बोलायचं. आपल्या सीमाभागात कुठलं कार्ड कुठल्या राज्याचं यावर माणसं तावातावानं भांडतील, पण इन्कम टॅक्सला घर निपाणीत आणि शेत चंदगडात असल्यानं काही फरक पडत नाही. ते दिवस मोजतात, पत्ता नाही.

घरी पाठवलेल्या पैशाचं एवढंच, की मुलानं आईला पाठवलेले पैसे आईचं उत्पन्न होत नाही. एनआरई खात्याचं, म्हणजे बाहेरची कमाई ठेवायच्या खात्याचं, व्याज पण माफ आहे. बायकोच्या नावावर एफडी केली तर मात्र ते व्याज नवऱ्याच्या उत्पन्नात धरतात, हे लक्षात ठेवा.

पण एक कबूल करायला लागतंय, मनात नसताना. कंपनी पगार तिकडच्या खात्यात न टाकता थेट इथल्या खात्यात टाकत असेल तर 'पहिल्यांदा भारतात मिळालेलं उत्पन्न' म्हणून ऑफिसर बोट ठेवू शकतो, नॉन रेसिडेंट असला तरी. जहाजावरच्या लोकांना २०१७ च्या सर्क्युलरनं एनआरई खात्यासाठी यातनं सूट दिली, बाकीच्यांचे निकाल दोन्हीकडं गेलेत. म्हणून पगार आधी शारजातल्या बँकेत घ्या, मग इकडं पाठवा. तसंच नोकरी सोडून कायमचे परत येताय तर ती 'भेट' नव्हे, तिथं ६० दिवसांची अट लागू शकते. १ डिसेंबरला आला आणि ३१ मार्चपर्यंत राहिला की १२१ दिवस झाले, मागच्या चार वर्षांत ३६५ भरले असतील तर त्या वर्षी रेसिडेंट. तरी मागच्या दहापैकी नऊ वर्षं नॉन रेसिडेंट असाल, किंवा मागच्या सात वर्षांत मिळून ७२९ दिवस किंवा त्याहून कमी इथं राहिला असाल, तर तुम्ही पण नॉट ऑर्डिनरिली रेसिडेंट, आणि आधीच्या महिन्यांचा तिकडचा, तिकडंच घेतलेला पगार सुटतो.

आणि ते ३० टक्के कुठनं आले? एनआरओ व्याजावर बँक खरंच ३०% टीडीएस आणि वर सेस, मिळून ३१.२% कापते. आतेभावाचे त्या ६०,००० मधले १८,७२० गेले, आणि आत्याच्या डोक्यात "पाठवलेल्या पैशातनं कापले" असं बसलं. ते परत मिळतात, पण आपोआप नाही. आयटीआर-२ भरायला लागतो, आयटीआर-१ नॉन रेसिडेंटला चालत नाही, आणि एरवी मुदत ३१ जुलै. गाळ्याचा भाडेकरू पण नियमानं टीडीएस कापायला पाहिजे, तो कापत नाही ही वेगळी कटकट, त्याला माझ्याकडं पाठवा.