३३० ला घाबरायचं आणि साखर गटागट प्यायची!

सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजेच खाद्यपदार्थांत मिसळायच्या पदार्थांना दिलेल्या क्रमांकांपैकी ३३०, हे विष आहे असं सांगणारी घातक घटकांची यादी अजूनही फिरतेच आहे! अरे, ते लिंबातलं आम्ल आहे. १९७६ च्या सुमारास फ्रान्समध्ये एक खोटं पत्रक वाटलं गेलं, त्यात ३३० कॅन्सरकारक ठरवलेलं होतं. पेशींत ऊर्जा कशी तयार होते ते सांगणाऱ्या, क्रेब्स नावाच्या शास्त्रज्ञाच्या 'क्रेब्स चक्रा'त सायट्रिक अ‍ॅसिड येतं आणि जर्मनमध्ये क्रेब्स म्हणजे कॅन्सर. घोळ बहुधा तिथेच झाला असावा. पन्नास वर्षं उलटली तरी लोक तेच पुढे ढकलतायत.

आता संत्र्याच्या सरबताची बाटली घ्या. यादी अशी: पाणी, साखर, संत्र्याचा रस, ३३०, ४१५, ३००, २११, ११०. वजनाने जास्त असलेला घटक आधी लिहायचा, असा नियम आहे. म्हणजे चित्रात मिरवणारं संत्रं साखरेच्याही मागे आहे! १०० मिलिलिटरला १२ ग्रॅम साखर असेल तर २०० मिलिलिटरच्या बाटलीतून २४ ग्रॅम पोटात जाते, सहा चमचे. त्यावर कुणी ब्र काढत नाही. आरडाओरडा सगळा आकड्यांवर.

बरं, त्या आकड्यांतही फरक करा ना! ४१५ म्हणजे झँथन गम, रस तळाशी बसू नये म्हणून घातलेला. त्याला सोडून द्या. ३०० तर क जीवनसत्त्वच, आणि २११ म्हणजे सोडियम बेंझोएट, सरबत टिकावं म्हणून घातलेलं परिरक्षक. एकेकटे असतील तर काळजी नाही, पण दोन्ही एकाच बाटलीत असले आणि बाटली उन्हात तापली, की थोडं बेंझीन तयार होऊ शकतं, आणि ते मात्र खरोखर कॅन्सरकारक. प्रमाण सहसा अगदी कमी असतं. म्हणून घाबरून जाऊ नका, पण दुकानाबाहेर उन्हात रचलेल्या क्रेटमधली बाटली उचलू नका, एवढं तर जमेल? ११० हा नारिंगी रंग. लहान मुलांच्या वागण्यावर आणि लक्षावर परिणाम होऊ शकतो, असा इशारा तो असलेल्या खाद्यपदार्थांवर युरोपात २०१० पासून छापावा लागतो. रस पुरेसा असता तर हा रंग लागलाच नसता. म्हणजे तो चुगलीसुद्धा करतो!

घरात दमेकरी असेल तर २२० ते २२८ शोधा, ते सल्फाइट नावाचे परिरक्षक. काही दमेकऱ्यांना त्यांनी खरोखर धाप लागते. सुक्या जर्दाळूचा केशरी रंग टिकतो तो त्यांच्यामुळेच. सल्फाइट नसलेला जर्दाळू तपकिरी दिसतो, आणि लोक नेमका तोच खराब म्हणून परत ठेवतात!

आणि हे वाचायचं कुठे? 'नैसर्गिक चव' समोर अंगठ्याएवढ्या अक्षरांत, आणि घटकांची यादी मागे, चकचकीत चंदेरी कागदावर पांढऱ्या अक्षरांत, नेमकी पाकिटाच्या जोडात दुमडलेली. २१० आहे की २७० ते कळेना. एक परिरक्षक, दुसरं निव्वळ दह्यातलं आम्ल!