"ताई, माझी चकली तुटतेय"

दिवाळीच्या आठवड्यात माझ्या यूट्यूब चॅनेलवर हा एकच प्रश्न दिवसभर येतो. पहिल्या वर्षी मी प्रत्येकीला लगेच उत्तर दिलं. एका हातात झारा, दुसऱ्यात मोबाईल. रात्री दीडला एकीला "पाण्याचा हात लावून पीठ अजून मळा" असं लिहिलं आणि सकाळी कळलं, तिची चकली तुटत नव्हती, तेलात विरघळत होती. म्हणजे मोहन जास्त झालेलं. तिथे पाणी काय कामाचं?

चूक घाईची होतीच, पण प्रश्नच अर्धवट येत होते. म्हणून पुढच्या वर्षी पिन केलेली कमेंट बदलली. पिन एका व्हिडिओला एकच करता येते, आणि मी ती "लाइक करा, शेअर करा" वर घालवली होती! आता तिथे लिहिलंय: "साच्यातून पडतानाच तुटली तर पीठ कोरडं आहे, पाण्याचा हात लावून मळा. तेलात विरघळली तर मोहन जास्त, थोडी कोरडी भाजणी मिसळा. गार झाल्यावर मऊ पडली तर आच मोठी होती, मध्यम ठेवा. तरी जमलं नाही तर भाजणी किती, मोहन किती, हे लिहून विचारा." शेवटच्या वाक्याने खरं काम केलं. मापं आली की उत्तर एका ओळीत देता येतं.

पोलचंही तसंच. "पुढे काय बघायला आवडेल?" असं विचारलं की अनारसे जिंकतात, आणि मग ते करावेच लागतात. (माझे अनारसे अजूनही हसतात. असो.) आता दिवाळीच्या आधी विचारते, "तुमची चकली कुठे बिघडते?" तुटते, विरघळते, मऊ पडते, तेलकट होते. ज्याला जास्त मतं, त्यावर छोटा व्हिडिओ. पोलमध्ये कुणी काय निवडलं हे मला दिसत नाही, म्हणून खाली मापं लिहायला सांगते.

आणि उत्तरं? दुपारी अर्धा तास, रात्री अर्धा तास. यूट्यूब स्टुडिओत उत्तर न दिलेल्या कमेंट वेगळ्या काढता येतात, तेवढ्याच बघते. अपवाद एकच: कुणी "कडबोळं तेलात फुटलं, तेल उडालं" असं लिहिलं, तर ते दिसताक्षणी.

याचा एक फायदा मला अपेक्षित नव्हता. मी पाच मिनिटांत उत्तर द्यायचे तेव्हा दुसरं कुणी बोलायचंच नाही. ताई सांगतील, आपण कशाला? मागच्या दिवाळीत दुपारी मोबाईल उघडला तर एका प्रश्नाखाली तिघीजणींचं चांगलंच जुंपलेलं. एक म्हणे मोहन कडकडीत हवं, दुसरी म्हणे लोणी घाला, तिसरीने सरळ विचारलं, "भाजणी दळून किती दिवस झाले?" हा प्रश्न मला सुचला नसता. मी त्या कमेंटला बदाम दिला आणि साच्यात पीठ भरायला गेले.