अध्यक्ष महोदय, मला आपले संरक्षण हवे

माझा रूममेट सव्वासहा फूट उंच होता, म्हणून आम्ही त्याला लंब्या म्हणायचो. अख्ख्या वसतिगृहात काळा बंदगळा कोट एकट्या त्याच्याकडेच होता, म्हणून युवा संसदेत तो लोकसभेचा अध्यक्ष झाला. दुसरं कारण मला आजवर सापडलेलं नाही. मी विरोधी पक्षाचा खासदार. विधेयक हेल्मेटचा दंड वाढवण्याचं. मी स्वतः कोपऱ्यावर दूध आणायलाही हेल्मेट घालून जाणारा माणूस, पण विरोधी पक्षात आहेस ना, मग विरोध कर, असा सरांचा आदेश.

ही युवा संसद कुठून आली, ते सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. 1962 साली मुंबईत पक्षप्रतोदांची अखिल भारतीय परिषद भरली, तिथे ही शिफारस झाली आणि 1966-67पासून दिल्लीच्या शाळांत स्पर्धा सुरू झाल्या. म्हणजे या प्रकाराचं मूळ मुंबईत आहे. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

तालमीत पहिला आठवडा ‘तुम्ही’ हा शब्द तोंडातून काढून टाकण्यात गेला. सभागृहात साडेपाचशे माणसं बसलेली असोत, बोलायचं एकाशीच, अध्यक्षांशी. समोरच्या मंत्र्याला विचारायचं असलं तरी “अध्यक्ष महोदय, आपल्यामार्फत मी मंत्रिमहोदयांना विचारू इच्छितो” असंच. आमच्या घरी काका आणि बाबा यांचं बोलणं बंद होतं तेव्हा हीच पद्धत होती. “आई, त्याला सांग, मीठ इकडे सरकव.” मीठ दोघांच्या मधोमध असायचं आणि आजी स्वयंपाकघरात. त्या घरात वाढल्यामुळे मला हे जमेल असं वाटलं होतं. पण आजीला महोदय म्हणावं लागत नव्हतं, आणि आजीने माझा टॉवेल वापरलेला नव्हता. लंब्याने मात्र माझा टॉवेल, माझी टूथपेस्ट आणि मेसच्या बिलासाठी घेतलेले दोनशे रुपये, असं सगळंच वापरलं होतं. त्याच्यापुढे नियम 349 प्रमाणे आत येताना आणि बाहेर जाताना मान लववायची! तालमीत मी लवलो की तो डोळे मिटून आशीर्वाद दिल्यासारखं करायचा.

दुसरा धडा बसण्याचा. संसदेत बोलण्यापेक्षा बसण्याचे नियम जास्त कडक आहेत, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. अध्यक्ष उभे राहिले की बोलणाऱ्याने वाक्य अर्धं सोडून खाली बसायचं. आणि आपण बोलत असताना दुसरा सदस्य उठला, तर त्याला बोलू द्यायचं की नाही हे आपण ठरवायचं. द्यायचं असेल तर बसायचं, नसेल तर उभंच राहायचं. आपण बसलो नाही तर त्याचं बोलणं नियमबाह्य ठरतं, अध्यक्ष ते नोंदीत घेत नाहीत. आमच्यातल्या एकाने अमेरिकेच्या काँग्रेसचे व्हिडिओ पाहिले होते. तो म्हणाला, “सर, मी माझी दोन मिनिटं याला देऊन टाकतो.” सर म्हणाले, “ते तिकडे. इकडे वेळ तुझ्या बापाचा नाही, पक्षाचा आहे.” पक्षाला संख्याबळाप्रमाणे वेळ मिळतो, पक्ष वक्त्यांची नावं देतो आणि त्यातून वाटणी होते. आमच्या पक्षाला पंधरा मिनिटं होती. मला पाच आली.

प्रत्यक्ष दिवशी सभागृह भरलेलं. सर मागच्या रांगेत स्टॉपवॉच घेऊन. लंब्याने माझं नाव पुकारलं. मी उठलो आणि म्हणालो, “अध्यक्ष महोदय, या विधेयकाला विरोध करण्यासाठी मी उभा आहे.” वाक्य झकास झालं. दुसऱ्या वाक्यात सत्ताधारी बाकावरची एक मुलगी उठली आणि गोड आवाजात म्हणाली, “सन्माननीय सदस्य क्षणभर बसतील का?”

मी बसलो!

कोणी बसा म्हटलं की बसायचं, हे संस्कार. सरांनी आठवडाभर शिकवलेलं त्या एका ‘क्षणभर’मध्ये गेलं. तिने डोक्याच्या दुखापतींवर एक मिनिट चाळीस सेकंद भाषण ठोकलं, आणि घड्याळ माझ्याच खात्यातून चालू होतं. ती बसली, मी उठलो, एवढ्यात आमच्याच बाकावरचा एकजण ओरडला, “हरकतीचा मुद्दा!” त्याला यादीत वेळ मिळाला नव्हता, म्हणून त्याने ही खिडकी शोधली होती. लंब्याने भारदस्त आवाजात विचारलं, “कोणत्या नियमाखाली?”

“नियम 376!”

सरांनी मागे कपाळाला हात लावला. 376 हा हरकतीचा मुद्दा कसा मांडायचा हे सांगणारा नियम आहे. कुठला दुसरा नियम किंवा राज्यघटनेचं कुठलं कलम मोडलं जातंय ते सांगावं लागतं. नुसतं 376 म्हणणं म्हणजे पोलीस चौकीत जाऊन “तक्रार अर्जाच्या नमुन्याप्रमाणे माझी तक्रार आहे” असं सांगण्यासारखं. लंब्या म्हणाला, “ते मला माहीत आहे. उल्लंघन कशाचं झालं?” पठ्ठ्या छताकडे पाहत राहिला. पन्नास सेकंद. मग सत्ताधारी हसले, आमचे चिडले, बाकं वाजली, लंब्या उभा राहिला, म्हणून मी पुन्हा बसलो. आणखी चाळीस सेकंद.

पाच मिनिटांतली तीन मिनिटं दहा सेकंद गेली होती आणि माझं दीडच वाक्य झालं होतं. उरलेल्या वेळात ‘अध्यक्ष महोदय’ अकरा वेळा म्हणालो, सरांनी मोजलं. दर वाक्याआधी एकदा, आणि आठवेना तेव्हा दोनदा. “मंत्री खोटं बोलतात” असं लिहून आणलं होतं. खोटं हा शब्द असंसदीय, म्हणून “मंत्रिमहोदयांचे विधान वस्तुस्थितीला धरून नाही” असं म्हणावं लागलं. तीन शब्दांऐवजी पाच. घंटा वाजली. “सन्माननीय सदस्यांनी समारोप करावा.”

मी ब्रह्मास्त्र काढलं. “अध्यक्ष महोदय, माझ्या बोलण्यात व्यत्यय आला. मला आपले संरक्षण हवे!”

“खाली बसा. यापुढचे काहीही नोंदले जाणार नाही.”

“अरे लंब्या, माझे दोनशे रुपये तरी नोंद!”

पहिल्यांदाच सभागृह शांत झालं. लंब्या उभा राहिला. माझ्याकडे न बघता, अगदी दिल्लीच्या सुरात म्हणाला, “सन्माननीय सदस्यांनी आताच उच्चारलेले शब्द सभागृहाच्या प्रतिष्ठेस अनुसरून नाहीत. ते कामकाजातून काढून टाकण्यात येत आहेत.” मग आवाजी मतदान झालं, होयचं बहुमत, विधेयक संमत. खरं सांगायचं तर मनातून मला बरंच वाटलं.

रात्री खोलीत तो बंदगळा उतरवत होता. मी सरळ त्याला विचारलं नाही. खोलीतल्या एकुलत्या एक प्लास्टिकच्या खुर्चीकडे तोंड केलं. तिच्यावर माझा टॉवेल ओला पडला होता.

“अध्यक्ष महोदय, मेसच्या थकबाकीबाबत सन्माननीय सदस्य खुलासा करतील काय?”

लंब्या म्हणाला, “प्रश्न तारांकित की अतारांकित?”

तारांकित म्हटलं तर तोंडी उत्तर मिळतं आणि उपप्रश्नही विचारता येतात. पण मला झोप आली होती. अतारांकित म्हणून मोकळा झालो.

त्याचं उत्तर लेखी येतं. सकाळी टूथपेस्टखाली चिठ्ठी होती. ‘माहिती गोळा करण्यात येत असून ती सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल.’

मी चिठ्ठी घेऊन सरांकडे गेलो. त्यांनी चष्मा वर करून वाचली आणि म्हणाले, असं उत्तर म्हणजे आश्वासन असतं. त्यासाठी संसदेत वेगळी समिती आहे, आणि पूर्ततेला तीन महिन्यांची मुदत असते.

तेव्हा फेब्रुवारी चालू होता. एप्रिलच्या शेवटी वसतिगृह रिकामं झालं. टॉवेलही तोच घेऊन गेला.