चौघं उचलतील, पण जिन्यात काय होईल?

‘मामा, पायाला प्लास्टर आहे, ऑफिस पाचव्या मजल्यावर. मॉक ड्रिलला मला म्हणाले, तू खालीच बस. खरी आग लागली तर मी काय करू?’ नाशिकहून भाचीने विचारलं.

ड्रिलमधून जिला वगळलं, तिचीच खरी परीक्षा राहून गेली. मी मँचेस्टरला राहतो. इथे 2005च्या अग्निसुरक्षा आदेशाप्रमाणे लोकांना बाहेर काढण्याची सोय कंपनीनेच करायची, अग्निशमन दल येऊन उतरवेल असं धरून चालत नाही. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर कुणी रुजू झालं की त्याचा वेगळा आराखडा लिहितात. तो अपंग आहे का, हे कुणी विचारत नाही. जिना एकट्याने उतरता येतो का, एवढंच विचारतात. आपला 2016चा दिव्यांग हक्क कायदा दीर्घकालीन अपंगत्वापुरता आहे. सहा आठवड्यांचं प्लास्टर त्यात बसत नाही.

अंबडच्या कारखान्यात उमेदीची वर्षं घालवलेले दाजी म्हणाले, ‘आपल्याकडे चौघं उचलून नेतात. कागद कशाला?’ उचलतील, त्यात शंका नाही. पण खुर्चीसह चौघं वळणावर जिना अडवतात आणि मागचे सगळे खोळंबतात. ताईला वाटलं प्रश्न विजेचा आहे: ‘आमच्या सोसायटीची लिफ्ट जनरेटरवर चालते की!’ वीज असली तरी लिफ्टच्या पोकळीतून धूर चढतो. आगीसाठी खास बांधलेली लिफ्ट वेगळी असते.

भाचीसाठी मी असं सुचवलं. आधी जिन्याचं दार बघ: ते आपोआप मिटतं का, की वाऱ्यासाठी वीट लावून उघडं ठेवलंय? उघडं असेल तर जिन्यातही धूर येणार, मग तिथे थांबणं धोक्याचं. दार नीट मिटत असेल तर ते ओलांडून जिन्याच्या लँडिंगवर एका बाजूला थांबायचं. गर्दी ओसरली की डॉक्टरांची हरकत नसेल तर बसून, प्लास्टरचा पाय पुढे ठेवून, पायरी पायरी उतरायचं. एक सहकारी खालच्या पायरीवर, दुसरा कुबड्या घेऊन मागे. तिसऱ्याने खाली जाऊन गणती घेणाऱ्याला सांगायचं की ती जिन्यात आहे. हे एकदा करून बघायचं, घड्याळ लावून. दमून मध्येच थांबावं लागलं, तर घसरत उतरणारी इव्हॅक्युएशन चेअर आणि ती चालवायला शिकलेला माणूस हवा.

कागदाचं दुखणं इथेही आहे. आमच्या व्हीलचेअरवरच्या सहकाऱ्याचे दोन्ही मदतनीस शुक्रवारी घरून काम करायचे आणि आराखड्यात मात्र त्यांचीच नावं. म्हणून नावं शिफ्टप्रमाणे हवीत, बदली माणसासह.

24 मीटरपेक्षा उंच इमारतींत राष्ट्रीय बांधकाम संहिता सुरक्षित थांब्याची जागा मागते. भाचीची इमारत बहुधा त्याखालची आहे. तिच्या एचआरने अशा आराखड्यासाठीचा तिचा अर्ज ठेवून घेतलाय, पण संध्याकाळच्या शिफ्टला तिच्या मजल्यावर तिघंच असतात आणि त्यातलं कोण थांबणार, हे अजून कुणी सांगितलेलं नाही.